राजीनामा द्या, पण शेवटचा दिवस पुढे ओढून घेऊ नका

प्रश्न: वडिलांचं डायलिसिस सुरू झालंय, आठवड्यातून तीनदा, सकाळी. आम्ही मुलुंडला राहतो, माझं ऑफिस लोअर परळला. घरी दुसरं कोणी नाही, म्हणून नोकरी सोडतोय. नोटीस 60 दिवसांची आहे. लवकर सोडा अशी विनंती राजीनाम्यात कशी लिहू?

उत्तर:

लिहायच्या आधी एक गोष्ट बघा: वडिलांचं नाव कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहे का? असेल, तर लवकर सुटण्याची घाई तुम्हालाच महागात पडेल. ग्रुप पॉलिसीतलं संरक्षण बहुतेक ठिकाणी तुमच्या शेवटच्या कामाच्या दिवशी संपतं, आणि आईवडिलांचंही त्याच दिवशी.

मी हीच चूक केली. आई घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घाबरून मी लिहिलं, ‘शक्य तितक्या लवकर कार्यमुक्त करावे.’ साहेब भला माणूस, त्याने सहाव्या दिवशी मोकळं केलं. नंतर नवव्या दिवशी जखमेत पू झाला म्हणून आईला परत अॅडमिट केलं आणि ते बिल पूर्ण माझ्या खिशातून गेलं. कंपनीला दोष देता येईना, मीच तसं मागितलं होतं.

म्हणून तुमच्या जागी मी तारीख तीच ठेवेन आणि दिवस सैल करून मागेन. समजा 3 मार्चला राजीनामा दिला, तर 60 दिवस 2 मेला भरतात. डायलिसिसला साधारण चार तास लागतात. सातला सुरू झालं तर घरी यायला बारा वाजतात. त्या तीन दिवशी करी रोडला उतरून चालत ऑफिस गाठणं होणार नाही, पण एक ते रात्री नऊ घरून काम होऊ शकतं. मजकूर साधारण असा:

‘वडिलांच्या उपचारांसाठी मी पदाचा राजीनामा देत आहे. नोटीसप्रमाणे माझा शेवटचा दिवस 2 मे आहे आणि तो तसाच राहावा. वडिलांचे डायलिसिस सोमवार, बुधवार व शुक्रवारी सकाळी असते. त्या दिवशी दुपारी एक ते रात्री नऊ घरून काम करण्याची परवानगी मिळावी. मंगळवार व गुरुवारी मी ऑफिसात येईन. हँडओव्हरची यादी सोबत जोडली आहे, ती 10 एप्रिलपर्यंत पूर्ण करीन. वडिलांना अचानक दाखल करावे लागल्यास, आठवडाभर आधी कळवून मला 11 एप्रिलपासून कधीही मोकळे करावे. उरलेले दिवस शिल्लक रजेतून वळते करावेत ही विनंती.’

राजीनामा स्पष्ट आणि बाकी सगळी विनंती, ही मांडणी मुद्दाम आहे. ‘हे मान्य झालं तरच राजीनामा’ असं लिहिलंत की कागद एचआरच्या टेबलावर अडकून पडतो. आजाराचं वर्णनही एवढंच पुरे. रिपोर्ट मागितले तर दाखवा, आपणहून जोडू नका. (‘भारी अंतःकरणाने’ वगैरे नको, वाचणाऱ्याला तारीख शोधायची असते.)

आता रजेचं. बऱ्याच कंपन्यांत नोटीसच्या काळात घेतलेल्या रजेएवढी नोटीस वाढते, किंवा ती रजा बिनपगारी धरतात. म्हणून घरून काम मागा आणि रजा राखून ठेवा. ती शेवटी कामाला येते. समजा 11 एप्रिललाच सुटावं लागलं, तर 21 दिवस कमी पडतात. 14 रजा शिल्लक असतील आणि कंपनीने त्या दिवसाला दिवस धरल्या, तर फक्त सात दिवसांचा पगार कापला जाईल. हा पगार मूळ वेतनावर मोजतात की एकूण, ते नेमणूकपत्रात असतं. मूळ 40,000 आणि एकूण 80,000 असेल, तर महिना 30 दिवसांचा धरून मूळवर सुमारे 9,300 आणि एकूणवर 18,700 कापले जातात, इतका फरक पडतो. म्हणून ते पत्र आधी काढून वाचा.

पत्र देण्याआधी साहेबांशी तोंडी बोला, पण होकार मेलवरच घ्या. उत्तर येईपर्यंत ऑफिसला जात राहा. न कळवता गैरहजर राहिलात तर नावापुढे पळून गेल्याचा शेरा पडतो आणि रिलीव्हिंग लेटर अडतं.

एचआरला वेगळ्या मेलमध्ये दोन गोष्टी विचारा: मेडिक्लेम नेमका कोणत्या तारखेपर्यंत चालेल, आणि त्याच विमा कंपनीत वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का. अर्ज मुदत संपण्याआधीच करावा लागतो. डायलिसिसच्या रुग्णाला विमा कंपनी सहज घेईल असं धरू नका. म्हणून त्याच आठवड्यात तुमच्या सेंटरमध्ये चौकशी करा की महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या यादीत ते आहे का. त्या योजनेत डायलिसिस बसतं. सेंटर यादीत नसेल तर 2 मेच्या आधी यादीतलं शोधा, कारण सकाळची वेळ मिळायला तिथे थांबावं लागतं.