पानाच्या छेदात वर दाटी, खाली पोकळ्या

प्रश्न: जास्वंदीच्या पानाचा आडवा छेद पाहिला. वर उभ्या पेशींची दाटी, रंध्रं मात्र बहुतेक खाली. मग वरच्या पेशींना कार्बन डायऑक्साइड मिळतो कसा?

उत्तर: खालच्या पोकळ्यांमधून. त्या उभ्या स्तंभपेशी हरितलवकांनी भरलेल्या असतात, म्हणून ऊन पडतं तिथेच त्या असतात. खालच्या सैल पेशींमधली हवा थेट रंध्रांपर्यंत जोडलेली असते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम 0.04 टक्के, पेशी तो वापरतात तसा आत आणखी कमी होतो, आणि या फरकामुळेच तो आत सरकत राहतो. वायू पाण्यापेक्षा हवेत सुमारे दहा हजार पट वेगाने पसरतो, म्हणून पोकळ्या हव्यातच. स्तंभपेशींमध्येही बारीक फटी असतात. छेद जाड झाला की त्या दिसत नाहीत (बहुधा तुमचंही तेच झालंय, नवं ब्लेड घ्या). पेशीच्या ओल्या भित्तीत विरघळून वायू हरितलवकात पोचतो, ऑक्सिजन उलट्या वाटेने बाहेर पडतो.

त्याच दारातून वाफही जाते. पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी, कुंडी कोरडी असेल तर, रंध्राच्या दोन्ही कडांच्या रक्षक पेशींमधलं पाणी कमी होऊन त्या सैलावतात आणि रंध्र मिटतं. ऊन भरपूर, पण कच्चा माल बंद, म्हणून प्रकाशसंश्लेषण मंदावतं. सकाळी पाणी घातलेल्या कुंडीतलं पान घेतलंत तर उघडी रंध्रं सापडतील.