तंबाखू पोर्तुगीजांनी आणली म्हणतात, पण ती सगळ्या भारतात पसरली कशी?

पोर्तुगीजांनी ती अमेरिकेतून गोव्यापर्यंत आणली, दख्खनमध्ये ती तिथूनच गेली, पण फॅशन झाली ती दरबारामुळे. अकबराचा माणूस असद बेग विजापूरला वकील म्हणून गेलेला, तिथे त्याला तंबाखू दिसली, आधी कधी बघितलीच नव्हती, म्हणून १६०४ च्या सुमारास येताना रत्नं जडवलेली नळी न् तंबाखू घेऊन आला आणि बादशहापुढे ठेवली. अकबराने एकदोन झुरके मारले, हकीम लगेच आडवा आला की आमच्या ग्रंथांत हिचा उल्लेख नाही, घेऊ नका. यावर दरबारातच वाद झाला! अकबराने नाद लावून घेतला नाही, पण सरदार मागायला लागले, मग व्यापाऱ्यांनी विकायला सुरुवात केली. १६१७ मध्ये जहांगीरने बंदी घातली, कोण ऐकतंय, तोवर पीक इथल्याच शेतात यायला लागलं होतं, मग बंदर अडवून काय उपयोग. आमच्या बडोद्याजवळचं चरोतर बघा ना, पेटलाद तर गायकवाडी मुलूख, आणि तिकडे आजही तंबाखूची शेतं आहेत.