मधल्या सुट्टीनंतरचा तास आणि रेघांचा खेळ

मॅडम, मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला वर्गात गोंधळ होतो, काय करावं, असं तुम्ही विचारलंत. गोंधळ करणाऱ्या एखाद्या मुलाला पुढच्या बाकावर आणून बसवू नका. सगळा वर्ग त्याच्याकडेच बघत राहतो, आणि त्याला तेच हवं असतं.

आधी तीन दिवस फक्त मोजा. मधल्या सुट्टीनंतरच्या गणिताच्या तासाला पहिल्या वीस मिनिटांत मुलं किती वेळा मध्येच बोलतात, जागेवरून उठतात, एवढंच. नावं लिहायची नाहीत.

मग वर्गाचे चार गट करा. माझ्या चौथीत चाळीस मुलं होती, म्हणजे दहा-दहांचे गट. नियम दोनच ठेवले: बोलायचं तर हात वर, आणि वही उघडी. ते एकदा करून दाखवले, मुलांकडूनही करवून घेतले. त्या वीस मिनिटांत चार वेळा, कधी ते न सांगता, मी नजर फिरवायचे. ज्या गटात बहुतेक मुलं नियमात, त्याला फळ्यावर एक रेघ. तीन रेघा झाल्या की गट जिंकला. चारही गट जिंकू शकतात. बक्षीस काय, तर शेवटची पाच मिनिटं अंताक्षरी.

मिळालेली रेघ पुसायची नाही, हे मात्र सांभाळा. मी सुरुवातीला पुसत होते, तर सुट्टीत गटातली पोरं एकालाच धरून बोलायची, "तुझ्यामुळे गेलं!" म्हणूनच पुसणं थांबवलं, आणि रेघेसाठी ‘सगळी मुलं नियमात’ऐवजी ‘बहुतेक’ केलं.

दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा. आकडा हलला नसेल तर आधी गणित फार अवघड जातंय का ते पाहा.