काउंटरवरचे ग्राहक आणि घातांकी प्रतीक्षाकाळ

प्रश्न: बँकेत येणाऱ्या ग्राहकांची संख्या प्वासाँ असेल, तर दोन ग्राहकांमधला वेळ घातांकीच का येतो?

उत्तर: कारण दोन्ही विधाने मुळात एकच आहेत. पुढचा ग्राहक t मिनिटांनंतर येणे म्हणजेच त्या t मिनिटांत एकही ग्राहक न येणे, आणि शून्य ग्राहकांची प्वासाँ संभाव्यता e^(−λt) आहे. खानापूरच्या एखाद्या शाखेत तासाला सरासरी 12 ग्राहक येत असतील, तर λ = 0.2 प्रतिमिनिट, सरासरी अंतर 5 मिनिटे, आणि 10 मिनिटे काउंटर रिकामे राहण्याची संभाव्यता e^(−2), म्हणजे सुमारे 0.135. आधीच 10 मिनिटे कोणी आले नसले, तरी पुढच्या 10 मिनिटांसाठी ती तेवढीच राहते. रोखपालाला हे सहसा पटत नाही.

मात्र बाजाराच्या दिवशी एस.टी.तून माणसे घोळक्याने उतरली, की अंतरांचे प्रमाण विचलन सरासरीहून बरेच मोठे निघते आणि हे प्रतिमान लागू पडत नाही.