नंबर सोडायचाच असेल, तर आधी आधारवरचा बदला

प्रश्न: माझा जुना प्रीपेड नंबर रिचार्ज न केल्यामुळे बंद पडला, सहा महिने झाले असतील. तो दुसऱ्या कुणाला दिला असेल का? बँक आणि व्हॉट्सॲप अजून त्यालाच जोडलेलं आहे. काही धोका आहे का?

हो, दिला गेला असू शकतो, आणि धोका आहे. हे मी पलीकडच्या टोकावरून सांगते आहे, कारण असाच कुणीतरी सोडलेला नंबर माझ्या वाट्याला आला होता.

आधी दिवसांचा हिशोब. सिम वापरात नाही म्हणून कंपनीला ते ९० दिवसांच्या आत बंद करता येत नाही. बंद केल्यावर तुम्हाला तोच नंबर पुन्हा सुरू करून घ्यायला १५ दिवसांची सवलत असते. नंबर कायमचा बंद झाला की पुढचे ९० दिवस तो नव्या ग्राहकाला देत नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये ट्रायने, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सर्वोच्च न्यायालयात हेच सांगितलं, आणि न्यायालयानेही आपल्या माहितीची काळजी घेण्याचं काम ग्राहकावरच सोडलं. म्हणजे तुमचे सहा महिने रिचार्ज संपल्यापासूनचे की नंबर कायमचा बंद झाल्यापासूनचे, यावर सगळं अवलंबून आहे. घरच्या दुसऱ्या फोनवरून त्या नंबरला फोन लावा. नंबर अस्तित्वात नाही असं ऐकू आलं तर बहुधा अजून कुणाला गेलेला नाही. रिंग वाजली आणि अनोळखी आवाज आला, तर विषय संपला. सरकारच्या संचार साथी या साइटवर तुमच्या नावावरचे सगळे नंबर दिसतात. त्या यादीत जुना नंबर नसेल, तर कागदोपत्रीही तो तुमचा राहिलेला नाही.

आता माझं ऐका. सांगलीत माझं शिवणसाहित्याचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाइकांसाठी वेगळा नंबर हवा म्हणून नवं सिम घेतलं आणि त्यावर व्हॉट्सॲप चालू केलं. ओटीपी टाकला, नाव लिहायच्या आधीच मेसेज यायला लागले. कुठल्याशा शाळेच्या माजी शिक्षकांचा ग्रुप, एक भजनी मंडळ, एक घरचा ग्रुप. त्यात नातीचे फोटो, कुणाच्या तरी साखरेचा रिपोर्ट. जुने मेसेज दिसत नव्हते, पण नवा प्रत्येक मेसेज माझ्याकडे येत होता.

हे कसं झालं ते मला नंतर कळलं. सिम बंद पडलं तरी व्हॉट्सॲप वायफायवर चालतच राहतं. ज्यांचा नंबर होता ते निवृत्त सर लातूरकडचे. मुलाने त्यांना नवीन सिम घालून दिलं होतं, पण व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर सुरू होतं, त्यामुळे नंबर आपलाच आहे या समजुतीत ते होते. मी ओटीपी टाकला त्या क्षणी त्यांच्या फोनवरचं व्हॉट्सॲप बंद झालं आणि खातं त्यांच्या ग्रुपांसकट माझ्याकडे आलं. पंचेचाळीस दिवस न वापरलेलं खातं दुसऱ्या फोनवर सुरू झालं तर जुनी माहिती पुसली जाते, असा व्हॉट्सॲपचा नियम आहे. पण सर रोज सकाळी सुविचार पाठवत होते! त्यांच्या खात्याला तो नियम लागूच झाला नाही. त्यांनी टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावलेला असता, तर तो मला माहीत नसल्याने मी सात दिवस अडकले असते आणि तेवढ्यात त्यांना सुगावा लागला असता.

मी घरच्या ग्रुपवर लिहिलं की हा नंबर आता माझा आहे, तुमच्या सरांना कळवा. त्यांनी मला चोर ठरवून ग्रुपमधून काढलं. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, मीही तेच केलं असतं.

मग बँकेचे मेसेज सुरू झाले. महिन्याच्या सुरुवातीला पेन्शन जमा, मग औषधाच्या दुकानाचे, विजेच्या बिलाचे. मी त्या बँकेच्या आमच्या इथल्या शाखेत गेले. खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं, खातेदार स्वतः आल्याशिवाय नंबर काढता येत नाही. मी म्हटलं, खातेदार कोण ते मला माहीत नाही, मला फक्त त्यांची पेन्शन माहीत आहे. त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

तोडगा निघाला तो गॅसच्या सिलेंडरमुळे. एके दुपारी फोन आला, "काका, सिलेंडर आणलाय, डीएसी सांगा." डिलिव्हरीचा तो चार आकडी कोड माझ्याच मेसेजमध्ये पडलेला होता. मी त्या मुलाला म्हटलं, कोड सांगते, पण आधी तुझा फोन दारात जे उभे असतील त्यांच्या हातात दे. तो जरा बिचकला, पण दिला. मग सर बोलले. "ताई, माझं व्हॉट्सॲप तुमच्याकडं गेलंय व्हय? पोरगं म्हणतंय मोबाईल खराब झालाय."

त्या संध्याकाळी आम्ही फोनवर बसून एकेक गोष्ट सोडवली. मी माझ्याकडचं व्हॉट्सॲप खातं सेटिंग्जमध्ये जाऊन पूर्ण डिलीट केलं, म्हणजे तो नंबर सगळ्या ग्रुपांमधून गळला, आणि मग कोरं खातं उघडलं. नुसतं ॲप काढून टाकल्याने हे होत नाही, खातंच डिलीट करावं लागतं. सरांनी त्यांच्या नव्या नंबरवर नव्याने सुरू केलं. नंबर सोडण्याआधी त्यांनी व्हॉट्सॲपमधला 'नंबर बदला' हा पर्याय वापरला असता, तर ग्रुप आणि गप्पा आपोआप नव्या नंबरवर गेल्या असत्या आणि माझ्या हाती काही लागलं नसतं.

आमचा दादा हे सगळं ऐकून म्हणाला, "एवढं काय त्यात? यूपीआय पिन आणि पासवर्डशिवाय एक रुपया हलत नाही." हा वाद आमच्यात आजही चालू आहे. तो आईचं जुनं सिम बंद करायच्या मागे लागलेला असतो, दोन-दोन रिचार्ज कशाला म्हणून. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर याच वादात आहे.

दादाचं एक म्हणणं बरोबर आहे. नवा माणूस त्या सिमवर यूपीआय ॲप सुरू करू शकतो, त्याला तुमच्या बँकेचं नाव आणि खात्याचे शेवटचे आकडे दिसू शकतात, पण आधीचा पिन असल्याशिवाय पैसे जात नाहीत. इथपर्यंत ठीक. पण सरांच्या परवानगीने मी एक गोष्ट करून पाहिली. त्यांच्या बँकेच्या मिस्ड कॉलवर शिल्लक सांगणाऱ्या नंबरला या सिमवरून फोन लावला. रिंग तुटली आणि शिल्लक मेसेजने आली. कुठलाही पिन नाही, पासवर्ड नाही. बँकेच्या लेखी तो नंबर म्हणजेच खातेदार.

पुढचं जास्त गंभीर आहे. यूपीआय पिन विसरला तर नवा करता येतो. त्यासाठी एक तर डेबिट कार्डाचे शेवटचे आकडे आणि मुदत लागते, नाही तर आधार क्रमांकाचे काही अंक आणि आधारचा ओटीपी. तो ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. बँक आणि आधार दोन्हीकडे तोच सोडलेला नंबर असेल, तर ओटीपी नव्या माणसाच्या हातात. राहिला आधार क्रमांक. आपण लॉजवर, सिमच्या दुकानात, सोसायटीच्या ऑफिसात आधारची झेरॉक्स देत फिरतो, ती कुणाच्या हाती लागेल याचा नेम नाही. दादा ज्या पिनवर विसंबून आहे, तो पिन बदलायची वाट त्याच नंबरावरून जाते. त्याला हे पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

म्हणून तुम्ही काय करायचं? माझ्या मते क्रम असा: पहिलं आधार, मग बँक, बाकी त्यानंतर. आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे देऊन नंबर बदलता येतो, जुना नंबर हातात असण्याची गरज नाही. बँकेत मात्र ऑनलाइन बदलायला गेलात तर ओटीपी जुन्या नंबरवर जाईल, म्हणून सरळ शाखेत जाऊन अर्ज द्या आणि मिळालेल्या पावतीवर तारीख पाहा. टेलिग्राम असेल तर ते विसरू नका. तिथे गप्पा सर्व्हरवर असतात, त्यामुळे पासवर्ड लावलेला नसेल तर नव्याने लॉगिन करणाऱ्याला जुनंही सगळं दिसू शकतं. गूगल आणि फेसबुकवर रिकव्हरीचा नंबर तपासा. गॅस एजन्सीत सांगा, नाहीतर सरांसारखं सिलेंडर दारात आणि कोड दुसऱ्याच जिल्ह्यात.

बँका आपणहून काढतील ना, असं कुणी म्हणेल. कायमचे बंद झालेले नंबर ट्राय एका यादीत प्रसिद्ध करते, आणि रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना ती यादी वापरून आपल्या नोंदी स्वच्छ करायला सांगितलं. यूपीआयसाठीही १ एप्रिल २०२५ पासून नोंदी दर आठवड्याला ताज्या करायच्या आहेत. चांगली गोष्ट आहे, पण यात बँक जुना नंबर फक्त काढते, तुमचा नवा तिला माहीत नसतो. तेवढ्या काळात खात्यातून काही गेलं तरी तुम्हाला मेसेज येणार नाही.

रिचार्जच्या खर्चाचं म्हणाल, तर डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना डेटाशिवाय फक्त बोलणं आणि एसएमएसचे पॅक द्यायला लावले, त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. आईच्या सिमला मी तसलाच पॅक घातला आहे. कंपनी महाग वाटत असेल तर नंबर पोर्ट करा, नंबर तोच राहतो.

एक सांगायचं राहिलं. घरातलं कुणी वारलं असेल, तर त्यांचा नंबर वारसाची कामं आटपेपर्यंत सोडू नका. बँकेचे, विम्याचे, पीएफचे मेसेज तिथेच येतात आणि काय काय होतं ते घरच्यांना बऱ्याचदा त्या मेसेजवरूनच कळतं. आणि फोन लावल्यावर तुमचा जुना नंबर कुणी उचललाच, तर त्या माणसाकडून ओटीपी मागू नका. मी सरांना एकही ओटीपी सांगितला नाही, तो गॅसचा कोड सोडून.