बाबा खाईनात, म्हणून जबरदस्तीनं भरवायचं का?

"ताई, सासऱ्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, आठ दिवस झाले दोन-तीन चमच्यांच्या वर काही जात नाही, उपाशी ठेवून मारतोय का आम्ही त्यांना?"

नाही हो. जुळे सोलापुरातल्या या घरी मी गेले तेव्हा सूनबाई दुधात भाकरी कुस्करून भरवत होत्या, बाबा तोंड फिरवत होते, आणि शेवटचा घास गालातच राहिलेला. या टप्प्याला आजारामुळंच भूक मरते, शरीराला अन्न वापरताच येत नाही, त्यामुळं जास्त घातलं तरी अंगाला लागत नाही, उलट उलटी होते नाहीतर ठसका लागून छातीत जातं.

पण भूक गेली म्हणून तसंच सोडायचं नाही, आधी तोंड बघायचं. टॉर्च लावून बघितलं तर जिभेवर पांढरे चट्टे, म्हणजे बुरशी, आणि वजन उतरल्यानं कवळी सैल होऊन टोचत होती. शौचालाही पाच दिवस झालेले. डॉक्टरांनी बुरशीचं आणि पोट साफ व्हायचं औषध दिलं, कवळी काढून ठेवली. तीन-चार दिवसांनी बाबाच म्हणले, शेंगाचटणी द्या! दह्यात कालवून चमच्याच्या टोकावर दिली, उशा लावून ताठ बसवून, गिळल्याची खात्री करून मगच पुढचा चमचा. आवाज ओलसर झाला, ठसका लागला की थांबायचं. चार चमचे खाल्ले, बास.

पुण्याच्या नणंदबाईंचं एकच, सलाईन तरी लावा. आता बघा, 5 टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा छोटे चमचे, त्यानं ताकद कुठली येणार? शेवटच्या दिवसांत ते पाणी अंगावर सुजेत उतरतं, छातीत घरघर वाढवू शकतं. कधी उलट्यांनी पाणी कमी झालं तर डॉक्टर थोडं लावून बघतात, सूज आली की बंद. तहान वाटते ती बहुतेक कोरड्या तोंडाची, म्हणून दर दोन तासांनी ओल्या गॉजनं तोंड पुसायचं, ओठांना व्हॅसलीन.

मग डॉक्टर, मुलगा, सून आणि बाबा स्वतः, सगळे बसलो. बाबा स्पष्ट म्हणले, नाकात नळी नको, मला घरीच राहू द्या. तेच केस पेपरवर लिहिलं: आवडेल ते, मागतील तेवढंच तोंडानं, नळी नाही, सलाईन फक्त त्रास कमी करायला, दुखणं-मळमळीची औषधं चालू, रात्री फोन कुणाला करायचा. खाली तारीख, डॉक्टरांची सही, आणि तब्येत बदलली की पुन्हा बोलायचं हेही. (वैद्यकीय इच्छापत्र वेगळं, त्याला दोन साक्षीदार लागतात आणि 2023 पासून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतं.)

बारा दिवसांनी रात्री दोनला घरघर सुरू झाली, नणंदबाई ॲम्ब्युलन्स बोलवा म्हणत होत्या, मुलानं कपाटावर चिकटवलेला तो कागद काढून फोनवर डॉक्टरांना वाचून दाखवला. डॉक्टरांनी कुशीवर वळवायला सांगितलं. सूनबाई पहाटेपर्यंत ओठ ओले करत बसल्या होत्या.