अपठित कवितेचा अर्थ कसा लावायचा?

प्रश्न: परीक्षेत न वाचलेली कविता आली की शब्द कळतात, पण अर्थ लागत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर: आधी डोळ्यांना काय दिसतं ते क्रमाने टिपा, अर्थ नंतर. बालकवींची ‘औदुंबर’ घ्या, आठच ओळींची आहे. हिरवे काठ, निळासावळा झरा, टेकडीकडे चार घरांचं गाव, दाट शेतमळे. मग एक पांढरी पायवाट निघते आणि कुरणांमधून काळ्या डोहाकडे जाते. पेन्सिलने नुसते रंग अधोरेखित केलेत तरी भाव कुठे पालटतो ते सापडतं: ‘काळ्या’पाशी. वाहतं पाणी थांबलं, वस्ती मागे राहिली. शेवटी पाण्यात पाय टाकून बसलेला औदुंबर दिसतो. असं झाड बसत नाही, माणूस बसतो. म्हणजे कवी झाडाआडून कुणाच्या तरी मनाबद्दल बोलतोय.

घाई इथेच नडते. काळा रंग दिसला की मुलं ‘मृत्यू, दुःख’ लिहून मोकळी होतात. पण कवी त्या काळिम्याला ‘गोड’ म्हणतो! या एका विशेषणामुळे भीती मागे सरते आणि सगळ्यातून अलिप्त झालेली शांतता उरते, असं मला वाटतं. तुमचा अर्थ वेगळा निघाला तरी चालेल, फक्त ‘गोड’ तिथे का आहे हे त्यातून सांगता आलं पाहिजे.